नोकरी का सोडताय? साहेबांचं नाव न काढता काय सांगायचं

मोशीकर
गुरुवारी रांजणगावच्या एका कंपनीत टेक्निकल राउंड आहे, जागा सप्लायर क्वालिटी इंजिनिअरची. सध्या चाकणला ब्रेकचे प्रेस पार्ट करणाऱ्या कंपनीत क्वालिटीत आहे, 4 वर्षं 2 महिने झाले. काम फायनल इन्स्पेक्शन आणि ग्राहकाच्या तक्रारी. सोडण्याचं खरं कारण साहेब. रोज सकाळी 8:30 च्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ओरडतात, आणि गुरुवारची साप्ताहिक सुट्टी बुधवारी संध्याकाळी रद्द करतात.

घोळ असा झाला की एचआरच्या पहिल्या फोनवर "का सोडताय" विचारल्यावर मी "तिथलं वर्क कल्चर बरोबर नाही" म्हणून गेले. त्या "ओके" म्हणाल्या आणि पुढचे प्रश्न एकदम थंड. तरी पुढच्या राउंडला बोलावलंय. आता हे उत्तर तयार केलंय, बघा:

"सध्याच्या कंपनीत मला ग्रोथ नाही, नवीन काही शिकायला मिळत नाही, सप्लायरचं काम करू देत नाहीत, म्हणून मी बदल शोधतेय."

यात साहेबांचा उल्लेख नाही. चालेल ना?

पॅटिसप्रेमी
एवढं कशाला? राजीनाम्यात "वैयक्तिक कारणास्तव" लिहायचं आणि मोकळं व्हायचं. कारण द्यायचं बंधन कुणावरच नसतं. शेवटची तारीख आणि नोटीस पिरियड बरोबर लिहा म्हणजे झालं.

सदाशिवपेठी
त्यांनी राजीनामा लिहायला मदत मागितलेली नाही. मुलाखत आहे, गुरुवारी. धाग्याच्या दुसऱ्या ओळीपर्यंत वाचलं असतंत तरी पुरलं असतं.

पॅटिसप्रेमी
बरं बाबा. पण मुलाखतीतही "वैयक्तिक कारण" चालतंच की.

हिंजवडी_फेज३
नाही चालत. मी आयटीत भरती बघते. राजीनाम्यात ते दोन शब्द पुरतात, कारण तिथे पुढे कुणी काही विचारत नाही. मुलाखतीत "वैयक्तिक" म्हटलं की पॅनेलला दोनच शक्यता दिसतात, घरी काहीतरी अडचण आहे किंवा भांडण झालंय. घरची अडचण असेल तर ती नव्या नोकरीतही येणार, हा पुढचा विचार. विचारून खात्री करून घेता येत नाही, म्हणून नोंद वाईट बाजूची होते.

मोशीकर, सोपा उपाय सांगू? प्रवास सांगा. पुण्यात ते कारण कुणालाही पटतं. आमच्याकडे निम्मे लोक वाकडच्या चौकावर खापर फोडूनच येतात.

सदाशिवपेठी
मोशीहून चाकण जवळ की रांजणगाव? नकाशा उघडा आणि मग सल्ला द्या.

हिंजवडी_फेज३
अरेच्चा. हो, रांजणगाव कितीतरी लांब. मागे घेते. पण बाकी लोकांसाठी तेवढं लक्षात ठेवा, प्रवास सांगायचा तर नवी जागा खरोखर जवळची हवी. नाहीतर पहिलाच उलटप्रश्न तोच येतो.

गेजरूम
क्वालिटीच्या भरतीत पॅनेलवर बसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोशीकर, तुमच्या उत्तरात साहेबांचं नाव नाही हे खरं, पण साहेब आहेत. मोठ्याने वाचा. एका वाक्यात तीन वेळा नकार आलाय: ग्रोथ नाही, मिळत नाही, देत नाहीत. त्यातला तिसरा सगळ्यात वाईट. "करू देत नाहीत" म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, कोण देत नाही? मराठीत "देत नाहीत" हा अनेकवचनी आदरार्थी प्रयोग म्हणजे साहेबच, हे चाकणमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही. "मिळत नाही" थोडं सौम्य आहे, पण तिथेही न देणारा कुणीतरी आहेच. म्हणजे नाव न घेता तुम्ही तक्रारच सांगितलीत.

दुरुस्ती अशी करायची: माणसाऐवजी कामाची जागा सांगायची. सप्लायरचं काम तुमच्या कंपनीत कोण करतं?

मोशीकर
भोसरीच्या मुख्य ऑफिसमध्ये वेगळी टीम आहे. सप्लायर ऑडिट, सप्लायरच्या पार्टची मंजुरी म्हणजे पीपॅप, सगळं तिथून होतं. प्लँटमध्ये आमच्याकडे फक्त कागद येतात. मी दोनदा विचारलं होतं, साहेबांनी "आहे ते कर" म्हणून उडवून लावलं.

गेजरूम
बघा, तुमचं कारण यातच आहे आणि ते खरं आहे. "काम भोसरीला होतं, प्लँटमध्ये ती जागा नाही" ही कंपनीची रचना झाली. तिला कुणी टीका म्हणणार नाही. शिवाय उद्या साहेब बदलले तरी ती तशीच राहणार, आणि मी कारण याच कसोटीवर घासून बघतो: साहेब बदलून भला माणूस आला तरी हे कारण उरतं का? उरत असेल तर बिनधास्त सांगा, कितीही खोदलं तरी ते टिकतं. उरत नसेल तर दुसरं शोधा, कारण खोदकाम झालं की साहेब बाहेर येणारच.

आता उत्तर. चार वाक्यं, अर्ध्या मिनिटात संपणारी. पहिल्यात आतापर्यंत काय केलं. दुसऱ्यात ते काम कुठे जाऊन थांबतं आणि का. तिसऱ्यात पुढे काय करायचंय. चौथ्यात ते त्यांच्याकडे आहे हे. तुमच्या माहितीवरून साधारण असं:

"चार वर्षं मी फायनल इन्स्पेक्शन आणि ग्राहकाच्या तक्रारी बघते. तक्रारीचं मूळ शोधताना बऱ्याचदा सप्लायरच्या प्रोसेसपर्यंत पोचते, पण पुढचं काम आमच्याकडे मुख्य ऑफिसची टीम करते, प्लँटमध्ये ती जागा नाही. मला त्या टोकाला काम करायचंय. तुमच्या जागेत सप्लायर ऑडिट आणि पीपॅप दोन्ही आहे, म्हणून अर्ज केला."

"आमच्याकडे" हा शब्द मुद्दाम ठेवलाय. सोडायच्या आधीच लोक "तिकडे", "त्यांच्याकडे" बोलायला लागतात. पॅनेलवर बसून ते लगेच ऐकू येतं, माणूस मनाने बाहेर पडलाय आणि रागावून पडलाय. दाखला मिळेपर्यंत कंपनी आपलीच.

चिंचवडकर_दादा
इतकं घोळून सांगायची काय गरज? सरळ म्हणायचं, पगार वाढवून हवाय. सगळ्यांना माहीतच असतं. पगार हे सगळ्यात प्रामाणिक कारण, टीका नाही की काही नाही.

हिंजवडी_फेज३
टीका नाही हे बरोबर. पण एकटा पगार सांगितला की आमच्या डोक्यात लगेच काउंटर ऑफर येते. आयटीत नोटीस 90 दिवसांची असते. त्या काळात जुन्या कंपनीने आकडा वाढवला तर हा माणूस येणारच नाही, आणि आम्ही तीन महिने जागा रिकामी ठेवून बसलेलो. म्हणून पगार दुसऱ्या क्रमांकावर चालतो, विचारल्यावर. पहिलं कारण असं हवं की जुनी कंपनी ते पैसे टाकून विकत घेऊ शकणार नाही. मोशीकरांचं तसं आहे, त्यांच्यासाठी भोसरीचं काम चाकणला कुणी हलवणार नाही.

चिंचवडकर_दादा
हे पटलं. पण पगाराबद्दल विचारलं तर लपवू नये एवढंच.

मोशीकर
गेजरूम काका, खूप आभार. पण मी फोनवर वर्क कल्चर बोलून बसलेय त्याचं काय? आता वेगळं सांगितलं तर खोटारडी वाटेन ना?

हिंजवडी_फेज३
हे मी सांगते. तुमच्या फोनची एक ओळ उमेदवाराच्या शीटवर गेलेली असणार, बहुतेक "कारण: वर्क कल्चर" एवढीच. पॅनेलने ती वाचली असेल किंवा नसेलही, म्हणून आपणहून विषय काढू नका. कामाचं कारण सांगा. त्यांनी "एचआरला तुम्ही वेगळं बोललात" म्हटलं तर नाकारू नका, आणि "तसं नाही, म्हणजे झालं काय की" असंही सुरू करू नका. एकच वाक्य: "हो, फोनवर घाईत तसं म्हटलं. मुख्य कारण कामाचं आहे, ते आता सविस्तर सांगितलं." आणि थांबा.

गेजरूम
"थांबा" हे अधोरेखित करतो. उत्तर बिघडतं ते बहुतेक वेळा चौथ्या वाक्यानंतर. उमेदवाराचं बोलून होतं, समोरचा खाली मान घालून लिहीत असतो, तीन-चार सेकंद शांतता पडते. ती शांतता सहन होत नाही, आणि मग "तसं वातावरणही थोडं..." सुरू होतं. प्रश्न कुणी विचारलेला नसतो! लिहिणाऱ्याला लिहू द्या.

गडबड झालीय हे ओळखायची खूण म्हणजे एकाच विषयावर दुसरा प्रश्न. "म्हणजे नक्की काय?" एकदा आलं तर कुतूहल. दुसऱ्यांदा आलं तर त्यांना काहीतरी लपवलेलं जाणवलंय. तेव्हा नवीन कारण काढू नका, त्याच कारणाचं एखादं उदाहरण द्या. एखादी तक्रार घ्या, तिचा एट-डी, म्हणजे तक्रार सोडवायचा आठ पायऱ्यांचा रिपोर्ट, कुठपर्यंत तुम्ही नेला आणि कुठल्या पायरीला भोसरीच्या टीमकडे दिला, ते सांगा.

मोशीकर
मागच्या वर्षी बुशवर बरची, म्हणजे कडेला राहिलेल्या धातूच्या कुसळांची तक्रार होती. मूळ कारणापर्यंत मी पोचले, सप्लायरच्या डायची धार गेली होती. तिथून पुढचं भोसरीने केलं. सप्लायरकडे मी गेलेच नाही, डाय कधी तपासायची, कधी बदलायची हे त्यांनी काय ठरवलं ते मला मेलवर कळलं.

गेजरूम
उत्तम. हे उदाहरण तोंडपाठ करू नका, पण तयार ठेवा. सप्लायर क्वालिटीच्या पॅनेलला डायची धार ऐकली की कान टवकारतात, मग ते तुमच्या साहेबांना विसरून "किती स्ट्रोकला धार लावायचे" हे विचारायला लागतील. कारणाचा प्रश्न कामाच्या प्रश्नात वळला की तुमचं काम झालं. तेवढा आकडा मात्र जुन्या मेलमध्ये बघून ठेवा. आणि पार्टचा नंबर, ग्राहकाचं नाव सांगू नका, तेही पॅनेल टिपतं.

सरळमार्गी
मला हे सगळं ढोंग वाटतं. साहेब ओरडतात, सुट्ट्या खातात, म्हणून मुलगी नोकरी सोडतेय. आणि तुम्ही तिला भोसरी-चाकणची रचना शिकवताय. खरं का सांगू नये? अशा साहेबांमुळेच कंपन्या बिघडतात.

सदाशिवपेठी
रांजणगावच्या पॅनेलला सांगून चाकणचे साहेब सुधारतील?

गेजरूम
सरळमार्गी, तुमचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण पॅनेलवरून काय दिसतं ते सांगतो. उमेदवार म्हणाला, साहेब ओरडतात. खरं असेल. पण मला दुसरी बाजू ऐकायची सोय नाही, अर्ध्या तासात मी ते तपासू शकत नाही. मग माझ्याकडे एवढंच उरतं की हा माणूस अनोळखी लोकांसमोर साहेबांबद्दल बोलतो, आणि निवडला तर पुढचा साहेब मी आहे. हा न्याय नव्हे, मान्य. पण असंच चालतं.

आणि मोशीकर खोटं बोलत नाहीयेत. त्यांना सप्लायरचं काम हवंय, दोनदा मागितलं होतं. दोन खऱ्या कारणांपैकी मुलाखतीत तपासता येण्यासारखं एक सांगतायत. सप्लायरच्या कामात रस नसता आणि हे रचलं असतं तर मी हे उत्तर लिहून दिलं नसतं. तसंही ते चाललं नसतं, पीपॅपच्या लेव्हल तीनमध्ये काय काय द्यावं लागतं हे विचारल्यावर तिथेच फुगा फुटला असता.

सरळमार्गी
आणि ज्याचं एकच कारण आहे, साहेब? काम आवडतं, पगार बरा, घर जवळ. त्याने काय करायचं?

गेजरूम
ते अवघड आहे. "याच कामात अजून मोठ्या प्लँटवर" म्हणता येतं, जर नवा प्लँट खरंच मोठा असेल तर. नसेल तर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही.

हिंजवडी_फेज३
आमच्याकडे एकाने म्हटलं होतं, "मला दर आठवड्याला कामावर चर्चा होते अशा टीममध्ये काम जमतं, तशी टीम शोधतोय." मला पटलं होतं. आमच्या टेक लीडला नाही पटलं, तो म्हणाला यात साहेब झाकलाय, फक्त पांघरूण चांगलंय. त्यावर आमचं अजून एकमत नाही.

मोशीकर
अजून दोन प्रश्न येतील असं वाटतंय. "मुख्य ऑफिसला बदली का नाही मागितली" आणि "तुमचे साहेब कसे आहेत". दुसऱ्याची धडकी भरलीय.

गेजरूम
पहिल्याचं उत्तर, जे झालं ते: "दोनदा विचारलं, सध्या तशी संधी निघाली नाही." "उडवून लावलं" हा तुमचा अनुभव, "संधी निघाली नाही" ही घटना. घटना सांगा. मेलवर विचारलं होतं की तोंडी?

मोशीकर
तोंडीच, अप्रेझलच्या वेळी. दोन्ही वेळा.

गेजरूम
मग "अप्रेझलमध्ये विचारलं" म्हणा, त्याने वजन येतं. तोंडी विचारणं हे विचारणंच. न विचारता विचारलं म्हणू नका एवढंच.

दुसऱ्या प्रश्नात विशेषण टाळा. "साहेब चांगले आहेत" म्हणालात की पुढे "पण" येतोच, तुम्ही गिळलात तरी चेहऱ्यावर येतो. त्याऐवजी काम कसं चालतं ते सांगा. ती 8:30 ची मीटिंग कशावर असते?

मोशीकर
आदल्या दिवसाच्या रिजेक्शनवर. लाइनप्रमाणे आकडे, प्रत्येकाने आपल्या लाइनचं कारण सांगायचं. आकडा चुकला की बॉम्ब.

गेजरूम
"रोज सकाळी रिजेक्शनची मीटिंग असते, लाइनप्रमाणे आकडे आणि कारणं मांडावी लागतात. त्यामुळे डेटा तपासल्याशिवाय बोलायचं नाही ही सवय लागली." यात खोटं काही आहे?

मोशीकर
नाही. 😄 त्याच मीटिंगमुळे रात्री झोप लागत नाही हे सोडलं तर.

पॅटिसप्रेमी
वा, बॉम्बचा डेटा केला. काका, हे भारी होतं.

चिंचवडकर_दादा
एक मुद्दा सगळे विसरलात. गुरुवारची सुट्टी रद्द होते हे तिचं खरं दुखणं आहे. ते सांगायचंच नाही, तर रांजणगावलाही तेच निघालं तर? आगीतून फुफाट्यात.

हिंजवडी_फेज३
छान पकडलंत. हे कारण म्हणून सांगायचं नसतं, प्रश्न म्हणून विचारायचं असतं, शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का" आलं की. "साप्ताहिक सुट्टी कुठल्या दिवशी, आणि त्या दिवशी लाइन चालू असेल तर क्वालिटीतून कोण येतं, आधी किती कळवतात?" नव्या जागेबद्दलचा साधा प्रश्न. उत्तर देताना ते एकमेकांकडे बघून हसले तर समजा.

अजून एक, पॅटिसप्रेमींच्या राजीनाम्यावरून आठवलं. निवड झाली तर राजीनामा, एक्झिट इंटरव्ह्यूचा फॉर्म आणि नव्या कंपनीचा जॉइनिंग फॉर्म या तीन ठिकाणी कारण विचारतील. राजीनाम्यात काहीच लिहू नका. बाकी दोन्हीकडे हेच, "सप्लायर क्वालिटीत काम करायचं आहे". पडताळणीवाले बहुतेक तारखा आणि पद विचारतात, पण काही कंपन्या कारणही विचारतात, आणि जुन्या एचआरला तुमच्या फॉर्मवर जे दिसेल तेच ते सांगणार. तारखा तर पीएफच्या नोंदीतही दिसतात, त्या फॉर्मवर अगदी बरोबर लिहा.

सरळमार्गी
एक्झिट इंटरव्ह्यूत तरी खरं सांगू द्या की हो तिला!

हिंजवडी_फेज३
सांगावं की नाही यावर वेगळा धागा काढा. माझं मत, दाखला हातात पडेपर्यंत नको. इथे बऱ्याच जणांना हे पटणार नाही.

सरळमार्गी
मला नाहीच पटत.

मोशीकर
आज तीनदा फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं. पहिल्यांदा 70 सेकंद, शेवटच्या वेळी 32. पहिल्या दोन्ही वेळा मधेच "त्यांनी" आलं होतं, कुठून आलं कळलं नाही. शेवटच्यात नव्हतं. शंका एकच, "प्लँटमध्ये ती जागा नाही" यात एक नाही उरलाय. तोही काढू का?

गेजरूम
राहू द्या. तो जागेबद्दल आहे, त्याच्यामागे माणूस दिसत नाही.

सदाशिवपेठी
"ती जागा मुख्य ऑफिसला आहे" म्हटलं तर तोही जातो. आणि त्याच वाक्यात आधी "पण" राहिलाय, तो कुणालाच दिसला नाही.

मोशीकर
दिसला आता. 🙈 "पुढचं काम मुख्य ऑफिसची टीम करते, ती जागा तिथेच आहे." परत रेकॉर्ड करते.